मिशा, पंख, शेपूट: फोटोवरून रातकिडा, कॅटिडिड आणि सिकाडा ओळखताना

आवाजाच्या मागावर टॉर्च घेऊन जायचं, झुडपावर एक किडा दिसतो, त्याचा फोटो काढायचा आणि हाच ओरडत होता असं ठरवून टाकायचं. नव्या माणसाची ओळख बहुतेक वेळा इथंच चुकते. पाऊल जवळ आलं की ओरडणारा किडा गप्प होतो आणि पानाआड सरकतो. उजेडात सापडतो तो दुसराच कुणीतरी असतो. कधी मादी, कधी नाकतोडा, कधी नुसतं पिल्लू. म्हणून पहिला नियम असा की आवाज काही वेळ बाजूला ठेवायचा आणि फोटोत जे दिसतंय तेवढ्यावरून किडा कोणत्या गटातला ते ठरवायचं. गट नक्की झाला, नर की मादी हे कळलं, की मगच हा आवाज याचा असू शकतो का हे विचारायचं.

गट तीन. पहिला रातकिडा, जो काळ्या रानाच्या भेगांत, दगडाखाली, घरात चुलीमागं किंवा बाथरूमच्या कोपऱ्यात असतो. दुसरा कॅटिडिड, म्हणजे झुडपावर, बांधावरच्या गवतात राहणारा, बहुधा हिरवा, पानासारख्या पंखांचा. आपल्याकडे त्यालाही सरसकट नाकतोडाच म्हणतात, पण तो खऱ्या नाकतोड्यापेक्षा रातकिड्याच्या जवळचा आहे. तिसरा सिकाडा, जो एप्रिल-मेच्या उन्हात, पहिल्या पावसाच्या आसपास सागाच्या, लिंबाच्या, बाभळीच्या खोडावर बसून कान किटवतो. याचं पहिल्या दोघांशी काही नातं नाही. पऱ्हाटीवरचे तुडतुडे सगळ्यांना माहीत आहेत. सिकाडा त्या तुडतुड्यांच्या भावकीतला, आकारानं कितीतरी मोठा. तुडतुडा पानाचा रस ओढतो तसा सिकाडा सोंडेनं झाडाचा रस ओढतो. रातकिडा आणि कॅटिडिड यांना मात्र चावून खायचे जबडे असतात.

फोटो काढताना

ओळख फोटो पाहताना सुरू होत नाही, फोटो काढताना होते. वरून काढलेला एकच फोटो फारसा कामाचा नसतो. एक फोटो बरोबर बाजूनं घ्या, मोबाइल किड्याच्या पातळीवर आणून. दुसरा पाठीवरून. तिसरा शेपटीकडच्या टोकाचा. आणि चौथा थोडा लांबून, ज्यात मिशा टोकापर्यंत मावतील. हा चौथा फोटो नवी माणसं काढतच नाहीत. किडा चौकटीत मोठा दिसावा म्हणून इतकं जवळ जातात की अंगाच्या दुप्पट लांबीची मिशी कडेला कापली जाते, आणि ओळखीची सगळ्यात मोठी खूण तिथंच जाते.

मिशी केसाइतकी बारीक असते. मागं गवत असेल तर ती त्यात हरवते. त्यामुळे शक्य असेल तिथं अशा बाजूनं बघा की मागं मोकळा अंधार किंवा भिंत येईल. स्क्रीनवर किड्याच्या डोळ्यावर बोट टेकवून फोकस धरा, पाठीवर नाही. लांबी कळावी म्हणून एका फोटोत शेजारी फूटपट्टी ठेवा. बोट ठेवलं तरी चालेल, पण बोट कुणाचं हे बघणाऱ्याला कळत नाही.

रातकिडा गप्प झाला तर टॉर्च विझवून तिथंच उभं राहा. काही मिनिटांत तो बहुधा पुन्हा सुरू करतो. मग टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद लावून उजेड हळूहळू त्याच्याकडे न्या. लाल उजेड या किड्यांना कमी जाणवतो. सिकाडा उंच बसतो आणि माणूस खोडाजवळ आला की गप्प होऊन खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. दोघांनी दोन बाजूंनी जावं, एकानं हलावं आणि दुसऱ्यानं फोटो काढावा.

एक सूचना मनापासून. पावसाळ्यात रात्री बांधावर, दगडाच्या रचाईजवळ हात घालून किडा शोधू नका. त्याच वेळी, त्याच जागी मण्यार, घोणस आणि फुरसं फिरत असतात. बूट घाला, पाऊल टाकायच्या आधी तिथं उजेड टाका, आणि दगड उलटायचाच असेल तर काठीनं उलटा.

फोटो कुणाला पाठवायचा असेल तर WhatsApp वर तो साधा फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाही तर फोटो दाबला जातो आणि त्यात सगळ्यात आधी जाते ती मिशीच.

आधी मिशा

फोटो उघडला की रंग पाहायचा मोह होतो. तो आवरा. एकाच जातीचे कॅटिडिड हिरवेही असतात आणि तपकिरीही. रंग शेवटी.

डोक्यावर बघा. मिशा दिसतच नाहीत, किंवा दोन डोळ्यांच्या मधे नुसते दोन छोटे ताठ केस दिसतात, तर तो सिकाडा असण्याची शक्यता मोठी. खात्रीसाठी आणखी दोन गोष्टी बघा. एक, सिकाडाचे मोठे डोळे डोक्याच्या अगदी दोन टोकांना असतात आणि त्यांच्या मधे, कपाळावर, तीन बारके चमकदार डोळे त्रिकोणात बसलेले असतात. फोटो स्वच्छ असेल तर हे तीन ठिपके स्पष्ट दिसतात, बहुतेकदा लालसर. दोन, त्याचे मागचे पाय उडी मारायला बनलेले नसतात, सगळे पाय साधारण सारखेच.

मिशा दिसतात पण आखूड, जाडसर, अंगाच्या निम्म्याहूनही कमी, तर तो नाकतोडा किंवा टोळ. तो आपल्या तिघांत नाही.

मिशा धाग्यासारख्या, टोकाकडे बारीक होत गेलेल्या, अंगाइतक्या किंवा त्याहून लांब, तर तो रातकिडा किंवा कॅटिडिड. या दोघांत फरक मिशीवरून होत नाही, त्यासाठी पंखांकडे जावं लागतं.

इथं एक अडचण नेहमी येते, ती म्हणजे तुटलेली मिशी. मोठ्या किड्यांच्या मिशा सर्रास तुटलेल्या असतात आणि मग कॅटिडिडही नाकतोडा वाटू लागतो. मिशीचं टोक मोठं करून बघा. पूर्ण मिशी निमुळती होत जवळजवळ अदृश्य होते. तुटलेली मिशी एकदम बोथट संपते. शिवाय दुसऱ्या बाजूची मिशी शाबूत असू शकते. दोन्ही तुटल्या असतील तर पुढच्या पायाकडे बघा. रातकिडा आणि कॅटिडिड यांचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात. बाजूनं काढलेल्या फोटोत तिथं लंबगोल पांढुरका पडदा किंवा बारीक चीर दिसते. नाकतोड्याचा कान पोटाच्या कडेला, पंखाखाली असतो. त्याच्या पुढच्या पायावर काही नसतं.

लांब मिशीच्या नियमाला एक अपवाद लक्षात ठेवा. ओल्या जमिनीत बीळ करून राहणारा मोल क्रिकेट रातकिड्यांचाच भाऊबंद, पण त्याच्या मिशा आखूड असतात. तो मात्र दुसऱ्या कशाशी गोंधळत नाही, कारण त्याचे पुढचे पाय रुंद, दातेरी आणि माती उकरायला बनलेले असतात.

मग पंख

पाठीवरून आणि बाजूनं काढलेले दोन्ही फोटो शेजारी ठेवा. रातकिड्याचे पुढचे पंख पाठीवर सपाट पसरलेले असतात आणि कडेला एकदम काटकोनात खाली दुमडतात. म्हणून वरून तो रुंद आणि चपटा दिसतो. कॅटिडिडचे पंख पाठीच्या मधोमध एकमेकांना टेकून दोन्ही बाजूंना उतरत जातात. वरून बघितलं तर तो अरुंद दिसतो, आणि पंखाचा खरा आकार कळायला बाजूचाच फोटो लागतो. सिकाडाचे पंखही दोन बाजूंना उतरते असतात, पण ते बहुधा काचेसारखे पारदर्शक, जाड शिरांचे असतात आणि पोटाच्या टोकापलीकडे जातात. सगळ्याच सिकाडांचे नाही: प्लॅटिप्ल्यूरा या भारतात सापडणाऱ्या वंशातल्या सिकाडांचे पुढचे पंख चट्टेपट्टे असलेले, सालीच्या रंगात मिसळणारे असतात. म्हणून पारदर्शक पंख नाहीत म्हणजे सिकाडा नाही, असं धरून चालू नका. मिशीकडे आणि डोळ्यांकडे परत जा.

पंखांवरून नरही ओळखता येतो. नर रातकिड्याच्या पंखावर शिरांची वेडीवाकडी नक्षी असते आणि टोकाकडे एक गुळगुळीत, शिरा नसलेला तुकडा दिसतो. आवाज काढायचं साधन तेच. मादीच्या पंखावर नुसती नियमित जाळी. नर कॅटिडिडमधे हे साधन मानेच्या अगदी मागं, पंखाच्या मुळाशी असतं. हिरव्या किड्याच्या पाठीवर तिथंच एक छोटा तपकिरी किंवा चकचकीत तुकडा दिसला तर तो नर.

एक बारीक खूण आहे. रातकिड्यात उजवा पंख वर असतो, कॅटिडिडमधे डावा. पाठीवरून स्वच्छ फोटो असेल तर हे दिसतं, पण एकट्या या खुणेवर निकाल देऊ नका. काही मोबाइल पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो उलटा साठवतात, आणि मग उजव्याचं डावं होतं.

नवख्यांना सगळ्यात जास्त फसवतो तो झाडावरचा रातकिडा, ओएकँथस. रंगानं फिकट हिरवा, नाजूक, झुडपावर बसणारा, त्यामुळे पाहताक्षणी कॅटिडिड वाटतो. पण नराचे पंख पारदर्शक, रुंद आणि पाठीवर सपाट असतात. पायाचा पंजा दिसत असेल तर त्याचे सांधे मोजा: रातकिड्यांना तीन, कॅटिडिडना चार. या वंशातला ओएकँथस हेन्री नावाचा रातकिडा पानाला भोक पाडून त्यातून डोकं बाहेर काढून ओरडतो, म्हणजे आवाज लांब जातो. पानाच्या भोकात अडकल्यासारखा दिसणारा फिकट किडा फोटोत आला तर तो अडकलेला नाही, कामावर आहे.

पंख अगदी तोकडे असतील तर ते पिल्लू असू शकतं किंवा मुळातच आखूड पंखांची जात. घरात सापडणारी, फिकट तपकिरी अंगावर गडद आडवे पट्टे असलेली ग्रायलोडिस ही जात घ्या. तिची मादी पूर्ण वाढलेली असूनही जवळजवळ बिनपंखी असते. पिल्लाची फोटोत ओळख आहे. त्याच्या पंखांच्या जागी पाठीला चिकटलेले छोटे तुकडे असतात, आणि मोठ्या पिल्लात मागच्या पंखाचा तुकडा पुढच्याच्या वर आलेला असतो. पूर्ण वाढलेल्या किड्यात नेहमी पुढचा पंख वर. पिल्लाची जात फोटोवरून ठरवायच्या फंदात पडू नका.

शेपटीकडचं टोक

रातकिड्याच्या मागं कुणी दोन शेपट्या सांगतं, कुणी तीन, कुणी पाच. सगळे बरोबर असतात, फक्त त्या सगळ्या शेपट्या नसतात. मोजण्याआधी प्रत्येक टोक कुठून निघालंय ते बोटानं मागं माग काढून बघा.

पोटाच्या दोन कडांतून निघालेली, केसाळ, एकमेकांपासून दूर जाणारी दोन टोकं प्रत्येक रातकिड्याला असतात, नर असो की मादी. हवेची हालचाल ओळखायचं काम ती करतात. त्यांच्या बरोबर मधून एक सरळ, ताठ, गुळगुळीत नळी निघाली असेल आणि तिचं टोक किंचित फुगीर असेल, तर ती मादी. तिच्यानं ती मातीत अंडी घालते. आणि वरून, पुढच्या पंखांच्या खालून, गुंडाळलेली दोन टोकं बाहेर आलेली दिसली तर ते मागचे पंख आहेत. पाच टोकं दिसत असतील तर ती लांब पंखांची मादी. काळाभोर, दोन ते तीन सेंटिमीटरचा, पंखांच्या मुळाशी दोन पिवळट डाग असलेला रातकिडा दिव्याखाली सापडतो, तो ग्रायलस बायमॅक्युलेटस. त्याच्यात हा पाच टोकांचा गोंधळ हमखास होतो. फोटोवरून जातीपर्यंत बऱ्यापैकी खात्रीनं पोचता येतं अशा थोड्या रातकिड्यांत तो आहे.

कॅटिडिडच्या मादीला नळी नसून दोन्ही बाजूंनी चपटी पात असते. काहींत ती लांब आणि जवळजवळ सरळ, काहींत आखूड आणि एकदम वर वळलेली. ही नांगी आहे असं समजून लोक किडा चिरडतात. ती डसत नाही, विष नाही. तिच्यानं मातीत, गवताच्या काडीत किंवा पानाच्या कडेत अंडी घातली जातात. हातात धरला तर मोठा कॅटिडिड जबड्यानं चावू शकतो, एवढंच.

सिकाडासाठी पोटाची खालची बाजू बघायची. मागच्या पायांच्या मुळाशी, पोट सुरू होतं तिथं, दोन पसरट पाती असतील तर तो नर. आवाजाचं साधन त्या भागात असतं. मादीत ही पाती अगदी छोटी असतात आणि पोटाचं टोक निमुळतं असतं. सिकाडा हाताला लागत नसेल तर खोडावर त्याची कात शोधा. जमिनीखाली मुळांचा रस पिऊन वाढलेलं पिल्लू वर चढतं, पाठ मधोमध उकलते आणि पंखवाला सिकाडा बाहेर पडतो. पुढचे पाय जाड आणि माती उकरणारे, पाठीवर उभी चीर, रंग पिवळट तपकिरी अशी कात असेल तर त्या जागी सिकाडा आहे हे नक्की, मग तो एकदाही दिसला नाही तरी.

एक फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

ऑगस्टमधे उदगीरकडच्या आखाड्यावरून भाच्यानं फोटो पाठवला. दिव्याखालच्या पांढऱ्या भिंतीवर वाळक्या पानाच्या रंगाचा, बोटभर लांबीचा किडा. सोबत निरोप: "मामा, टोळ हाय का हे? सोयाबीनवर फवारा मारावा का?" प्रश्न साधा नव्हता. 2020 मधे विदर्भात टोळधाड आली होती, तेव्हापासून मोठा तपकिरी किडा दिसला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो.

फोटो वरून काढलेला होता. मिशी एकच दिसत होती आणि तीही चौकटीच्या कडेला कापलेली. पण कापली जाईपर्यंतच ती डोक्यापासून मागच्या गुडघ्यापर्यंत आली होती. टोळाची मिशी एवढी लांब कधीच नसते. टोळाचा प्रश्न तिथंच मिटला, आणि फवारणीचाही. एकट्यादुकट्या कॅटिडिडसाठी फवारा मारायचं कारण नाही.

पुढं जायला फोटो पुरेसा नव्हता. त्याला म्हटलं, "भिंतीला मोबाइल टेकवून बाजूनं एक काढ, आणि एक मागच्या टोकाचा." बाजूच्या फोटोत पंख उतरते, मधे रुंद, वाळक्या पानासारख्या शिरांचे दिसले. म्हणजे रातकिडा बाद, कॅटिडिड नक्की. मागचे पाय फार लांब आणि बारीक, गुडघे पाठीच्या बरेच वर. पुढच्या पायावर गुडघ्याखाली कानाची जागा दिसत होती. तिसऱ्या फोटोत पोटाच्या टोकाला लांब, चपटी, किंचितच वर वळलेली पात. मानेमागं नराचं साधन नाही. मोठा आकार, पानासारखा पंख, लांबच लांब मागचे पाय आणि ही पात एकत्र धरली की वंश मेकोपोडा, आणि ही मादी.

भाच्यानं त्याच रात्री कुंपणाजवळ रेकॉर्ड केलेला आवाजही पाठवला होता. "हिचाच हाय, लई मोठ्यानं वरडायली." पण ही मादी, तो आवाज तिचा नव्हता. रातकिडे आणि सिकाडा यांच्यात ओरडतो तो नरच. काही कॅटिडिडच्या माद्या नराला बारीक टिकटिक करून उत्तर देतात खऱ्या, पण कुंपणाबाहेर ऐकू जाईल असा सलग आवाज तो नव्हे.

मग जात कोणती? इथं फोटोची हद्द संपते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 2006 मधे दाखवून दिलं की दक्षिण भारतातले मेकोपोडा दिसायला एकसारखे, अंगावरच्या खुणांनी वेगळे न करता येणारे, पण त्यांच्या गाण्याचे पाच वेगवेगळे प्रकार आहेत. त्यातल्या एका प्रकाराला त्यांनी ट्रेन असं नाव दिलं, एकाला हेलिकॉप्टर. म्हणजे पुस्तकातल्या चित्राशी कितीही वेळ ताडून पाहिलं तरी ती मादी कोणत्या प्रकारातली हे कळणार नाही. कुणी फोटोवरून छातीठोकपणे पूर्ण नाव सांगितलं तर तेवढं मान्य करू नका. हीच गोष्ट बऱ्याच तपकिरी शेत-रातकिड्यांची. त्यांच्या जाती आवाजावरून किंवा सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या होतात, मोबाइलच्या फोटोवरून नाही.

नोंद ठेवायला iNaturalist ही जीवांच्या नोंदींची वेबसाइट चालते. तिथं जातीचं नाव टाकायचा आग्रह नसतो, जिथपर्यंत खात्री आहे तेवढंच टाइप करायचं. सिकाडासाठी Cicadidae, कॅटिडिडसाठी Tettigoniidae, रातकिड्यासाठी Grylloidea. भाच्याच्या फोटोंची नोंद Mecopoda या नावानं झाली: तिन्ही फोटो, तारीख, रात्रीची वेळ, भिंत दिव्याखालची होती ही माहिती, आणि मादी. दिव्याची माहिती महत्त्वाची, कारण उजेडाला लांबून उडून आलेला किडा त्याच झाडावर राहतो असं कुणी समजू नये. कुंपणाजवळचा आवाज मात्र या नोंदीला जोडला नाही. तिथं एका नोंदीत एकच जीव असतो, आणि तो आवाज दुसऱ्याचा. त्याची नोंद वेगळी केली, फोटोशिवाय, नुसत्या आवाजाची. पुढच्या वेळी कुंपणातला तो नर ओरडतानाच फोटोत आणि रेकॉर्डिंगमधे एकत्र सापडला, तर त्या एका नोंदीत आवाज कुणाचा हे नक्की असेल, आणि गाण्यावरून प्रकार ताडून बघता येईल.